उजेड स्थिर, तर रंग खरा : मोबाईलवर प्रयोगाचा व्हिडिओ घेताना

वरून धरलेल्या मोबाईलने वहीचा किंवा प्रयोगाचा व्हिडिओ घेतला की एक गोष्ट हमखास दिसते. पांढऱ्या कागदावर हात आला की चित्र एकदम उजळतं. हात बाजूला गेला की पुन्हा काळवंडतं. पाच मिनिटांच्या व्हिडिओत हे पन्नास वेळा होतं. जणू मोबाईल श्वास घेतोय. आपण समोर बसून शिकवत असतो तेव्हा हे लक्षात येत नाही, पण घरी बसून बघणाऱ्या मुलाचे डोळे त्याने शिणतात. आणि प्रयोग रंगबदलाचा असेल, तर मामला नुसत्या शिणण्याचा राहत नाही, निरीक्षणच चुकतं.

आमच्या केंद्रातले काही शिक्षक आपले व्हिडिओ पाठवण्याआधी मला दाखवतात. मी आठवीला विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षं प्रयोगांचे छोटे व्हिडिओ करते, एवढाच माझा अधिकार. मागे एका सरांनी हळदीच्या दर्शकाचा व्हिडिओ आणला होता. प्रयोग सुंदर, बोलणं स्पष्ट. पण त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हळदीची पट्टी ठेवल्यावर खालचा पांढरा कागद निळसर झाला.' सर वैतागले होते. म्हणाले, "ताई, पोरीने बघितलंच नाही नीट. कागद कसा निळा होईल?"

व्हिडिओ लावून बघितला. पोरीने अगदी नीट बघितलं होतं. कागद खरोखर निळसर होत होता, पण टेबलावर नव्हे, पडद्यावर. सरांनी विचारलं, "मग माझा मोबाईल खराब आहे का?" मी म्हटलं, "नाही सर, मोबाईल त्याचं काम चोख करतोय. आपल्याला ते काम नकोय, एवढंच."

आजचा लेख त्या कामाबद्दल आहे. मोबाईल आपल्या नकळत तीन गोष्टी सतत बदलत असतो. त्या तिन्ही कशा थांबवायच्या, ते हळदीच्या त्याच प्रयोगावरून बघू.

मोबाईल काय ठरवत असतो?

पहिली गोष्ट उजेडाची, म्हणजे एक्स्पोजर. बहुतेक मोबाईलच्या कॅमेऱ्यात उजेड आत यायचं भोक ठरावीक मापाचं असतं, ते लहान-मोठं होत नाही. म्हणून चित्र उजळ करायचं किंवा गडद करायचं, तर मोबाईलच्या हातात दोनच गोष्टी उरतात. एक, प्रत्येक चित्रासाठी उजेड किती वेळ गोळा करायचा, म्हणजे शटरचा वेग. दोन, गोळा झालेला संकेत किती पटीने वाढवायचा, म्हणजे आयएसओ. हे दोन आकडे तो चौकटीतल्या एकूण उजेडावरून ठरवतो. समोर काय आहे हे त्याला आपल्यासारखं कळत नाही. साधारण मधल्या राखाडी छटेच्या आसपास सगळं आणायचं, असा त्याचा हिशोब असतो. चौकटभर पांढरा कागद असला की त्याला वाटतं फार उजेड झाला, आणि तो कागद राखाडी करून टाकतो. त्यात आपला हात आला, बाहीचं गडद कापड आलं, की सरासरी खाली येते. मग तो लगेच सगळं चित्र उजळ करतो. हात गेला की परत. तो श्वास म्हणजे हेच.

दुसरी गोष्ट फोकसची. हात कागदापेक्षा पाच-सात सेंटिमीटर वर असतो. मोबाईलला वाटतं, जवळची वस्तू महत्त्वाची. तो फोकस हातावर नेतो, हात हलला की पुन्हा कागदावर आणतो. यात क्षणभर अक्षरं पुसट होतात हे तर दिसतंच, पण आणखी एक गंमत होते. फोकससाठी आतलं भिंग पुढे-मागे सरकतं, तेव्हा चित्राचा आकारही किंचित वाढतो-घटतो. कागदाची कडा चौकटीच्या कडेजवळ असेल तर ती आत-बाहेर सरकताना दिसते.

तिसरी गोष्ट रंगांचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो, कारण आपला मेंदू बल्बचा पिवळेपणा वजा करतो. मोबाईलही तसंच करायला बघतो. चौकटीतल्या रंगांवरून तो उजेडाचा रंग ओळखू पाहतो. चौकटीत पिवळं फार दिसलं, की त्याचा समज होतो की दिवाच पिवळा आहे. मग तो सगळ्या चित्रात निळा मिसळतो. हळदीच्या पाच पट्ट्या पांढऱ्या कागदावर मांडल्या की नेमकं हेच घडतं. हळद फिकी पडते आणि कागद निळसर होतो. पट्टी लाल झाली की तो उलट दिशेने ओढतो आणि लाल रंग मळकट दिसायला लागतो. म्हणजे ज्या रंगासाठी प्रयोग केला, तोच रंग मोबाईल पुसत असतो. त्या मुलीचं निरीक्षण इथून आलं होतं.

आधी खोली बघा, मग मोबाईल

लॉक केलं की मोबाईल स्वतःहून काही बदलणार नाही. याचाच दुसरा अर्थ असा, की खोलीतला उजेड खरोखर बदलला तर तो जसाच्या तसा चित्रात दिसेल. आपोआप चालणारा कॅमेरा निदान थोडं सावरून घेतो, लॉक केलेला सावरत नाही. म्हणून सुरुवात खोलीपासून.

खिडकीचा उजेड सुंदर असतो, पण ढग आला की जातो. तीन-चार मिनिटांच्या प्रयोगात ढग एकदा तरी येतोच, विशेषतः जून ते सप्टेंबर. मी खिडकीला जाड पडदा लावून दोन एलईडी ट्यूबच्या उजेडात चित्रीकरण करते. एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे हाताची गडद सावली पडत नाही. खिडकी आणि ट्यूब असा मिश्र उजेड शक्यतो नको, कारण दोन्हीचे रंग वेगळे असतात. व्हाइट बॅलन्स एका वेळी एकाच रंगाच्या उजेडाला बरोबर बसतो. कागदाची एक बाजू पांढरी आणि दुसरी पिवळट किंवा निळसर राहिली, तर समजा की दोन प्रकारचे उजेड पडलेत.

आता छताचा पंखा. ट्यूब पंख्याच्या वर किंवा त्याच्या पात्याआड येत असेल, तर प्रत्येक पातं टेबलावर सावली टाकून जातं. डोळ्यांना त्याची सवय झालेली असते, पण व्हिडिओत भराभर लुकलुकणारा उजेड दिसतो आणि कितीही लॉक केलं तरी जात नाही. चित्रीकरणापुरता पंखा बंद. आवाजही स्वच्छ येतो, हा वरचा फायदा.

हळदीच्या प्रयोगाची मांडणी

फिल्टर पेपरच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून आदल्या दिवशी वाळवून ठेवल्या होत्या. टेबलावर अर्धा ड्रॉइंग पेपर. त्यावर पाच पट्ट्या, आणि बाजूला चिनीमातीच्या छोट्या बशांमध्ये चुन्याची निवळी, साबणाचं पाणी, लिंबाचा रस, मिठाचं पाणी आणि साधं पाणी. स्टीलच्या वाट्या मुद्दाम टाळल्या. त्या चकाकतात आणि हलल्या की चमक इकडून तिकडे जाते.

मोबाईल टेबलापासून साधारण चाळीस सेंटिमीटर वर. पुस्तकांच्या दोन चळती आणि त्यावर आडवी फळी एवढं पुरतं. मोबाईल पडदा वर राहील असा फळीवर ठेवायचा आणि कॅमेरा फळीच्या कडेबाहेर काढायचा. फार खाली आणलात तर फोकस बसत नाही. शिवाय एकाहून जास्त कॅमेरे असलेल्या काही मोबाईलमध्ये वस्तू फार जवळ आली की मोबाईल गुपचूप दुसऱ्या भिंगावर जातो, आणि चित्र एकदम सरकतं, रंगही बदलतो. चाळीस सेंटिमीटरवर ही भानगड सहसा होत नाही. झूम 1x वर ठेवा. कॅमेरा व्हिडिओच्या मोडवर आणा आणि मगच पुढचं सगळं करा. फोटोच्या मोडमध्ये केलेलं लॉक मोड बदलला की सुटतं.

लॉक कुठे करायचं?

बहुतेक मोबाईलमध्ये पडद्यावर एका जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर एकदम लॉक होतात. आयफोनवर वर AE/AF LOCK अशी पिवळी पट्टी येते. अनेक अँड्रॉइड मोबाईलवर छोटं कुलूप दिसतं. नुसतं टिचकी मारल्यासारखं बोट टेकवणं म्हणजे लॉक नव्हे. त्याने तेवढ्यापुरता फोकस बसतो, पण चित्र हललं की मोबाईल पुन्हा आपल्या मनाने वागू लागतो. खूप जणांचा घोटाळा इथेच होतो. 'मी तर बोट लावलं होतं' म्हणतात. लावलं होतं, धरलं नव्हतं.

बोट कुठे धरायचं याला महत्त्व आहे, कारण त्याच जागेवरून फोकसही ठरतो आणि उजेडही. कोऱ्या पांढऱ्या कागदावर धरलं तर दोन अडचणी. कोऱ्या कागदावर फोकसला पकडायला रेघ नाही, आणि उजेडाच्या हिशोबाने कागद राखाडी होणार. म्हणून मी वर्तमानपत्राचा बारीक मजकुराचा तुकडा वापरते. जिथे पट्टी असणार त्याच जागी, त्याच उंचीवर तो ठेवायचा. बारीक छपाईवर फोकस पटकन आणि अचूक बसतो. वर्तमानपत्राचा कागद ड्रॉइंग पेपरपेक्षा गडद असल्यामुळे उजेडही बऱ्यापैकी योग्य येतो. बोट धरून लॉक करायचं, आणि मग तुकडा अलगद काढून घ्यायचा. लॉक तसंच राहतं.

यानंतर बोट वर-खाली सरकवून उजेड थोडा कमी-जास्त करता येतो. आयफोनवर शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह असतं, अनेक अँड्रॉइड मोबाईलवर सरकपट्टी. इथे खूण लक्षात ठेवा. ड्रॉइंग पेपर पांढरा दिसावा, पण त्याचा खरखरीतपणा दिसला पाहिजे. पोत नाहीसा होऊन कागद सपाट, झगझगीत पांढरा झाला, तर उजेड जास्त आहे, आणि शेजारची हळदही फिकी दिसणार. अशा वेळी किंचित खाली आणा.

एक फरक सांगून ठेवते. ही सरकपट्टी म्हणजे लॉक नव्हे. काही मोबाईलमध्ये ती EV नावाने दिसते. लॉक न करता नुसती EV खाली ओढली, तर मोबाईल 'नेहमीपेक्षा जरा गडद' असा नियम पाळतो, पण वर-खाली करणं चालूच ठेवतो. श्वास तोच, फक्त अंधाऱ्या खोलीतला.

रंगाचं कुलूप वेगळं असतं

आता महत्त्वाचा मुद्दा. बोट दाबून धरल्यावर फोकस आणि उजेड लॉक होतो, रंगांचा समतोल होईलच असं नाही. AE म्हणजे उजेड, AF म्हणजे फोकस. त्या पिवळ्या पट्टीत रंगाचं नावच नाही. त्या सरांच्या व्हिडिओत उजेड बऱ्यापैकी स्थिर होता. त्यांनी बोट नीट धरलं होतं. तरी कागद निळा झाला, त्याचं कारण हेच.

आयफोनवर नव्या आवृत्त्यांमध्ये Settings मध्ये Camera, त्यात Record Video, आणि तिथे Lock White Balance असा खटका आहे. तो चालू केला की रेकॉर्डिंग सुरू असताना रंग बदलत नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करायच्या क्षणी चौकटीत फक्त पांढरा ड्रॉइंग पेपर असू द्या आणि हळदीच्या पट्ट्या नंतर मांडा. उलट केलंत, तर हळदीने फसलेला समतोलच कायम होईल.

अँड्रॉइडवर Pro किंवा Pro Video नावाचा मोड असेल तर काम सोपं. तिथे WB असतो आणि त्यात केल्विनचे आकडे. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३०००, दुपारचं ऊन साधारण ५५००, आणि दुकानात 'कूल डेलाइट' म्हणून मिळणारी पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. मोबाईलला आकडा देणं म्हणजे 'उजेड या रंगाचा आहे' असं सांगणं. म्हणून आकडा वाढवला की चित्र पिवळट होतं आणि कमी केला की निळसर. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण निळसर उजेडाचा तोल साधायला पिवळं मिसळावं लागतं, हे लक्षात घेतलं की पटतं. माझ्या ट्यूबखाली मी ५५०० ते ६५०० च्या मध्ये सरकवत जाते आणि कोरा कागद पांढरा दिसला की थांबते. एकदा आकडा दिला की तो दिलेलाच राहतो, तेच कुलूप.

ज्यांच्या मोबाईलमध्ये असा मोड नाही, त्यांच्यासाठी ओपन कॅमेरा नावाचं मोफत ॲप आहे. त्यात उजेड आणि रंग वेगवेगळे लॉक करता येतात. मात्र मोबाईल बनवणाऱ्याने ॲपला जेवढी मुभा दिली असेल तेवढंच ते करू शकतं, त्यामुळे स्वस्तातल्या काही मोबाईलवर सगळे पर्याय दिसत नाहीत. तेही जमलं नाही तर शेवटचा उपाय मांडणीचा. पट्ट्या लहान कापा, एका वेळी एकच चौकटीत आणा आणि भोवती पांढरा कागद भरपूर ठेवा. चौकटीत पिवळं थोडं असेल तर मोबाईल कमी फसतो. पूर्ण थांबत नाही, पण कागद निळा दिसण्याइतकं होत नाही.

Pro Video मध्ये शटरचा वेगही आपणच देतो. तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि ट्यूब त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त उजळू शकते. १/५० मध्ये या चढउताराच्या बरोबर दोन फेऱ्या बसतात, १/१०० मध्ये एक. म्हणून प्रत्येक चित्राला सारखाच उजेड मिळतो. १/१२० किंवा १/२०० दिला, तर काही ट्यूबखाली चित्रावर आडवे गडद पट्टे सरकताना दिसतात. मग शटर ठरलं की चित्र योग्य उजळ होईपर्यंत आयएसओ वर-खाली करायचा, आणि तोही ठरवून टाकायचा. तो Auto वर राहिला तर श्वास चालूच राहील.

कोपऱ्याची परीक्षा

सगळं लॉक झालं असं वाटलं, तरी प्रयोग सुरू करण्याआधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या. कोरा कागद ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा. काळं कापड किंवा गडद रंगाची वही अर्ध्या चौकटीवर आणा, दोन-तीन सेकंद ठेवा, काढा. मग हळदीचा पुडा किंवा लाल पुठ्ठ्याची वही तशीच आणा आणि काढा. शेवटी हात कागदापासून वीतभर वर धरून खाली आणा.

आता व्हिडिओ बघा, पण मधे बघू नका. चौकटीचा असा एक कोपरा निवडा, जिथे शेवटपर्यंत फक्त पांढरा कागद होता, आणि बाकी पडदा तळहाताने झाका. काळं कापड आलं तेव्हा कोपरा उजळला का? उजळला, तर एक्स्पोजर लॉक नाही. हळदीच्या पुड्याच्या वेळी निळसर झाला का? झाला, तर व्हाइट बॅलन्स लॉक नाही. हात वर-खाली होताना कागदाची कडा सरकली का? सरकली, तर फोकस मोकळा आहे. तळहाताने झाकायचं कारण असं, की पूर्ण चित्र बघताना आपला मेंदू पुन्हा सावरून घेतो आणि बदल जाणवत नाही. एकटा कोपरा मात्र खरं बोलतो.

तिन्ही लॉक असूनही कोपरा हलत असेल, तर कसा हलतो ते बघा. सगळं चित्र सावकाश, एकसारखं उजळतंय आणि मंदावतंय, तर पडद्याआडून सूर्य-ढगाचा खेळ चालू आहे. कडा असलेली सावली एका बाजूने येते आणि जाते, तर ती आपल्या डोक्याची किंवा खांद्याची. ट्यूब बाजूला सरकवा. भराभर लुकलुकतंय, तर पंखा. आडवे पट्टे सरकताहेत, तर शटर आणि ट्यूबचं जुळत नाहीये. काही मोबाईलमध्ये एचडीआर चालू असेल तर लॉक असूनही चित्रातले गडद भाग थोडे उचलले जातात आणि पडतात. तसं दिसलं, तर एचडीआर व्हिडिओ बंद करून चाचणी पुन्हा घ्या.

प्रत्यक्ष चित्रीकरण

त्या सरांनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडेच येऊन प्रयोग पुन्हा केला. मोबाईल विमान मोडवर टाकला, कारण मधे फोन आला की कॅमेरा मागे जातो आणि लॉक सुटू शकतं. रेकॉर्डिंग आवाजाच्या बटणाने सुरू केलं. पडद्यावर चुकून दुसरीकडे बोट लागलं तरी लॉक जातं, म्हणून पडद्याजवळ हात न्यायचाच नाही असं ठरलं. सुरुवातीला दहा सेकंद कोरा कागद. मग पट्ट्या मांडल्या. लिंबाचा रस टाकला, पट्टी पिवळीच. मिठाचं पाणी, साधं पाणी, पिवळीच. साबणाचं पाणी टाकलं तशी तांबूस झाली. चुन्याची निवळी पडली आणि गडद लाल-तपकिरी डाग पसरला. मग त्याच डागावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब, आणि डाग पुन्हा पिवळा. सर मधे एकदा अडखळले, पण आम्ही रेकॉर्डिंग थांबवलं नाही. तेवढं वाक्य पुन्हा म्हटलं आणि नको तो भाग नंतर कापला. थांबवून पुन्हा सुरू केलं असतं, तर दोन तुकड्यांचे रंग जुळतीलच याची खात्री नव्हती.

नव्या व्हिडिओत हाताची बोटं किंचित पुसट दिसतात. फोकस पट्टीच्या पातळीवर लॉक आहे आणि या अंतरावर वर-खाली काही सेंटिमीटर एवढीच जागा सुस्पष्ट राहते, त्यामुळे उंच हात पुसट होणारच. मला ते चालतं. मुलांनी बोटं नाही, पट्टी बघायची आहे. मात्र उभी परीक्षानळी दाखवायची असेल, तर वर्तमानपत्राचा तुकडा टेबलावर न ठेवता, जिथे रंग बदलणार त्या उंचीवर धरून लॉक करावं लागतं.

हेही सांगते, की लॉक सगळीकडे उपयोगी नाही. वर्गातून बाहेर बागेत जाऊन झाड दाखवायचं असेल, तर लॉक केलेल्या कॅमेऱ्याला बाहेरचं ऊन म्हणजे नुसता पांढरा पडदा दिसेल. तिथे आपोआप चालू द्यावं, किंवा दोन वेगळे तुकडे घेऊन प्रत्येकाला वेगळं लॉक करावं. जागा, उजेड आणि अंतर तिन्ही ठरलेलं असेल, तिथेच लॉक आपलं काम करतं.

सरांच्या वर्गात तो व्हिडिओ दाखवल्यावर मी वह्या मागवून घेतल्या. निरीक्षणाच्या रकान्यात कागदाचा उल्लेख कुठेच नव्हता. त्याच मुलीने शेवटी एक प्रश्न लिहिला होता : 'साबणाने आलेला लाल आणि चुन्याने आलेला लाल सारखा नाही, असं का?' पडद्यावरचा रंग भरवशाचा असेल तरच हा प्रश्न पडू शकतो. सरांनी पुढचा तास त्यावरच घेतला.

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर फळीची उंची, ट्यूबच्या जागा, शटर १/५०, आयएसओ आणि केल्विनचा आकडा लिहिलेला आहे. पुढच्या वेळी चित्रीकरण करणाऱ्याने तेच आकडे द्यायचे, कोपऱ्याची परीक्षा घ्यायची, आणि पंखा बंद करायचा.